टॉर्चवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की ज्यांच्याकडे पद कुठलंच नसतं आणि कामं मात्र सगळी असतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले टॉर्चवाले काका त्यातलेच. ते भिंतीवर बोटाने टकटक करतात, कान लावतात आणि आतून पोकळ आवाज आला की इतके खूश होतात, की घरमालकाच्या पोटात गोळा यावा.

आमच्या बाथरूमच्या छताला बरीच वर्षं ओल होती. वरच्या वहिनी म्हणत, पाणी बाहेरच्या भिंतीतून येतं, म्हणजे खर्च सोसायटीचा. कमिटी म्हणे, वरच्या बाथरूममधून येतं, म्हणजे तुमचं तुम्ही बघा. या दोन ‘म्हणजे’च्या मध्ये आमचं प्लास्टर पडत होतं.

काकांनी आधी फक्त डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. भर मे महिन्यात डाग रेघ ओलांडून गेला, तेव्हा म्हणाले, “पाऊस निर्दोष सुटला.” मग वहिनी माहेरी गेल्या आणि टपटप थांबली. “नळाचा पाइप फुटला असता तर बंद घरातही गळला असता. वापरलं की गळतं, म्हणजे सांडपाणी!” एवढा आनंद त्यांना स्वतःच्या नातवाच्या निकालाचाही झाला नसेल.

पुढची पायरी रंगीत होती. वहिनी परतल्यावर काकांनी न्हाणी ट्रॅपला बोळा मारून त्यांच्या लादीवर निळं पाणी तुंबवलं. दुसऱ्या दिवशी आमचं छत निळं नाही. मग बोळा काढून ट्रॅपमध्ये लाल पाणी ओतलं. संध्याकाळी छतावर लाल ओघळ! लादी शाबूत, ट्रॅप आणि पाइपचा जोड सुटलेला. वहिनींनी तो ओघळ स्वतः पाहिला आणि खर्चाचा वाद तिथेच मिटला. त्या दिवशी काकांनी आमच्याकडे दोन वेळा चहा घेतला आणि पुराव्याचे अठरा फोटो.

प्लंबर नवा ट्रॅप बसवून, वॉटरप्रूफिंग करून लगेच लादी लावायला निघाला होता. काकांनी त्याला अडवलं. चोवीस तास पाणी तुंबवून ठेवायचं, खाली ओल दिसली नाही तरच लादी. प्लंबर काहीतरी पुटपुटला. ते छापण्याजोगं नाही.

मी पेढे घेऊन गेलो, तर काकांनी पेढा हातात धरूनच विचारलं, “रंग नाही ना लावलात? प्लास्टर पूर्ण वाळू दे. तोवर आभार घेत नाही.”

डाग वाळल्यावर वार्षिक सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयांत, मी आभाराचा ठराव मांडला: काकांमुळे गळती कायमची बंद झाली. सगळ्यांनी हात वर केले. एकट्या काकांनी हरकत घेतली. ‘कायमची’च्या जागी ‘तूर्त’ घालावं, अशी त्यांची दुरुस्ती होती.

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली.