फेसापुरतं पाणी

एडिसनमधल्या मराठी मंडळींत मी कार्पेटमधला जाणकार समजला जातो. असं सगळ्यांना मीच सांगत असतो, हा तपशील गौण. कुणाकडे जेवायला गेलो की मी आधी पायाखाली बघतो, मग यजमानांकडे.

माझं शास्त्र सोपं आहे. कार्पेटला फेस द्यावा, पाणी देऊ नये. आपल्याला दिसतो तो नुसता वरचा नायलॉनचा धागा. त्याखाली कापडी पाठ, तिच्याखाली फोमची गादी आणि गादीखाली प्लायवूड. पाणी त्या गादीपर्यंत पोचलं की गादी ते पिऊन बसते. भाड्याचं मशीन वरवरचं ओढून घेतं, गादीतलं त्याला दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी कार्पेट झकास दिसतं. मग तपकिरी कडा उमटू लागतात, कारण वाळताना ओल तळातून धाग्याच्या टोकाकडे चढते आणि तळची घाण सोबत घेऊन येते. पाठोपाठ ओल्या बारदानाचा वास.

आता हे मराठी माणसाला पटवून बघा! आपल्याकडे धुणं म्हणजे ओतणं. मोरी धुवायची तर आधी बादली ओता, मग खराटा शोधा. सणाच्या आदल्या दिवशी गॅलरी धुतली आणि खालच्या मजल्यावरून कुणी ओरडलं नाही, तर ती धुतली असं कुणी मानत नाही. माझी एक आत्या पाणीटंचाईतही उंबऱ्यावर तांब्याभर पाणी टाकायचीच. प्यायला नसलं तरी चालेल, उंबरा कोरडा चालायचा नाही. पाणी खळखळत नाल्याकडे गेलेलं डोळ्यांनी दिसलं की मगच आपल्या मनातली घाण जाते. वॉल-टू-वॉल कार्पेटला नालाच नसतो. हे दुःख अमेरिकेला कळायचं नाही.

तर, आई आली आणि आमटी सांडली. मी ऑफिसातून येईपर्यंत तिने त्यावर कपड्यांची पावडर चोळली होती आणि पिवळा डाग लालभडक झाला होता. हळद अल्कलीत लाल होते, पावडर अल्कलीच. हे मी तिला सविस्तर समजावलं. भाड्याचं घर, डिपॉझिट, बेज रंग, सगळं समजावलं. दुसऱ्या दिवसापासून आई खाली बसेना. आयुष्यभर मांडी घालून भाजी निवडलेली बाई जेवणाच्या खुर्चीच्या कडेवर बसून, पाय वर घेऊन मेथी निवडू लागली. मला त्या घरमालकाचा, त्या बेज रंगाचा आणि माझ्या व्याख्यानाचाही असा राग आला, की शनिवारी सकाळीच बाह्या सरसावल्या.

आधी व्हॅक्यूम, सावकाश, उभा आणि आडवा. सुकी धूळ राहिली तर शाम्पूने तिचा चिखल होतो. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळलं आणि डागावर नुसतं दाबलं. घासलं नाही. लाल परत पिवळं झालं. आई म्हणाली, ‘‘अगोबाई, वळलं की रे!’’

शाम्पूची परीक्षा आदल्या रात्रीच घेतली होती. बशीत थोडा वाळू दिला. सकाळी नखाने खरवडल्यावर कोरडी पापडी सुटली, म्हणजे पास. चिकट राहिला असता तर कार्पेटवरही चिकटच राहून नवी धूळ धरली असती. आता बादलीत थोडं पाणी, थोडा शाम्पू आणि मी व्हिस्क फिरवू लागलो. फेस येई आणि बसे. आईने मला बाजूला सारलं आणि सामानातून आणलेली रवी काढली. लोणी काढायच्या सवयीच्या हाताने तिने असा फेस केला, की त्यात चमचा उभा राहिला. तो वरचा फेस तेवढा स्पंजवर घ्यायचा, खालच्या पाण्याला हात लावायचा नाही. दोन-दोन फुटांचा चौकोन, हलक्या हाताने, शेजारच्या चौकोनाची कड थोडी झाकत; लगेच कोरड्या टॉवेलने टिपायचं. पांढरा टिश्यू ठेवून त्यावर टाच दाबायची. तो भिजला तर फेस जास्त झाला. आमचा नुसता दमट झाला. पंखा लावला, संध्याकाळपर्यंत वाळलं आणि वाळलेली पूड व्हॅक्यूमने निघाली.

फिकट पिवळी छटा उरली, तिला खिडकीचा पडदा उघडा ठेवला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. काही दिवसांत तीही गेली.

आईने तिथे बैठक मारली, तळवा फिरवून पाहिला, मावशीला फोन लावला आणि सांगितलं, ‘‘मीच काढला गं डाग. ह्याला कुठला फेस येतोय! पण खरं सांगू, तांब्याभर पाणी पडलं असतं ना, तर अजून उजळलं असतं.’’