ऋणनिर्देशपूर्वक असहमती

परीक्षकांना उत्तर लिहिणे हा वाङ्मयप्रकार खलित्याच्या कुळातला असून, 'आपल्या मौलिक सूचनेबद्दल ऋणी आहोत' या वाक्यानंतर सूचना अमान्य केल्याचा मजकूर सुरू होतो, हे एका विद्यार्थ्याचे असे पत्र वाचताना मला कळले. वादाचा विषय मोरोक्कोतील ताश्लहीत भाषेतला 'त्फ्त्क्त्स्त्त', म्हणजे 'तू ती मुरगळलीस', हा स्वरविरहित शब्द. डेल आणि एल्मेदलावी यांनी 1985 साली मांडले, की या भाषेत कोणतेही व्यंजन अक्षराचे केंद्र होऊ शकते. त्या हिशेबाने 'त्फ्', 'त्क्', 'त्स्त्त' ही तीन अक्षरे, आणि त्यांची सिंहासने अनुक्रमे फ्, क् व स् यांच्याकडे. पहिल्या परीक्षकांना मध्ये ऱ्हस्व अकार स्पष्ट ऐकू आला. विद्यार्थी परम नम्रतेने लिहितो, की अकार उच्चारायला स्वरतंतू जवळ येऊन कंपावे लागतात, आणि अशा सर्वस्वी अघोष शब्दांत कंठद्वार उघडेच राहते, हे नाकातून सोडलेल्या सूक्ष्म दुर्बिणीने दिसलेले आहे. सबब ऐकू आलेला अकार परीक्षकांच्या मातृभाषेतून आलेला असावा (हे शेवटचे वाक्य, अर्थात, त्याने खोडले होते). घोष व्यंजनांशेजारी मात्र स्वरासारखा अंश खरोखर उमटतो, हे त्याने प्रांजळपणे मान्य केले, पण तो संक्रमणाचा अंश, अक्षराचा मानकरी नव्हे. दुसऱ्या परीक्षकांचा आक्षेप एवढाच होता, की हे सारे सर्वमान्यच आहे, मग लेख कशाला?