दोनशेत बसवा

मराठी माणूस कामाचं बोलायला आला, की आधी हवापाण्याचं बोलतो. मग तब्येतीचं. मग मुलांच्या शाळेचं. चहाची कपबशी खाली ठेवून, उठता उठता, दारात एक पाय चपलेत घातल्यावर म्हणतो, "हां, एक छोटंसं काम होतं." दारातलं ते वाक्य हाच खरा विषय असतो, हे दोन्ही बाजूंना पहिल्यापासून ठाऊक असतं, पण ते आधी काढणं हा उद्धटपणा.

लिंक्डइनवर बसायला खुर्ची नाही, चहा नाही, दार तेवढं आहे. अनोळखी माणसाला 'आपली ओळख व्हावी' अशी विनंती पाठवायची, तर सोबत एक चिठ्ठी जोडता येते. फुकटच्या खात्याला ती 200 खुणांची आणि महिन्यातून मोजक्याच वेळा. दरमहा पैसे भरणाऱ्यांना 300. या मर्यादा अधूनमधून बदलतात, तेव्हा लिहिण्याच्या चौकटीखाली जो आकडा दिसेल तो खरा मानायचा.

माझ्या भाच्याने हा प्रश्न माझ्याकडे आणला, कारण मी एका दैनिकात उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. मथळे करण्यात हयात गेली. मुख्यमंत्र्यांचं अख्खं भाषण दोन कॉलमांत बसवणाऱ्या मामाला हे काय जड, असा त्याचा हिशेब.

भाचा बी.एस्सी. कृषी. तासगावात काकांच्या कृषी सेवा केंद्रात दोन वर्षं ठिबक सिंचनाचा माल विकतोय. ठिबकच्याच एका कंपनीत सांगली भागासाठी विक्री अधिकारी हवा आहे, अशी पोस्ट तिथल्या भरती बघणाऱ्या बाईंनी टाकली होती. शेतकऱ्यांशी मराठीत नीट बोलता-लिहिता येणारा माणूस हवा, स्वतःची दुचाकी आणि वाहन परवाना हवा, असं त्यांनी मराठीतच लिहिलं होतं. म्हणजे चिठ्ठीही मराठीत पाठवायला हरकत नव्हती. भाच्याने ती लिहायला घेतली आणि चौकट भरली. भरली तेव्हा मजकूर असा होता:

"आदरणीय महोदया, सस्नेह नमस्कार. आपला बहुमूल्य वेळ घेत असल्याबद्दल प्रथमतः क्षमा मागतो. मी एक होतकरू, मेहनती आणि प्रामाणिक तरुण असून माझी शैक्षणिक पात्रता बी.एस्सी. कृषी आहे. मला कामाची अत्यंत आवड आहे व"

बरोबर 200. 'व'च्या पुढे चौकट एकही खूण घेईना. भाच्याचं म्हणणं, खरा मजकूर तर आता सुरू होणार होता.

"पण मामा, एवढी अक्षरं कुठायत यात?" तो म्हणाला. त्याची शंका रास्त होती. आपण 'क्ष' एक अक्षर मोजतो. संगणक तीन मोजतो: क, पाय मोडायचं चिन्ह आणि ष. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग, सगळ्यांचं वेगळं तिकीट. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा फुकट नाही. 'नमस्कार' आपल्या बोटांवर चार अक्षरांचा. चौकटीत सात खुणांचा. या हिशेबाने महोदयांना नमस्कार करून त्यांची क्षमा मागेपर्यंत 85 खुणा संपल्या होत्या. ज्या वेळेबद्दल क्षमा मागितली, तो वेळ ती क्षमा वाचण्यातच जाणार होता.

आपल्या पूर्वजांना हे आधीच उमगलं होतं. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याला 29 खुणा लागतात, त्यांनी 'सा.न.वि.वि.' करून अकरांत भागवलं. पण ते भाच्याला सुचवलं, तर त्याने ते कुठल्यातरी पदवीचं नाव असावं अशा नजरेने पाहिलं.

भाच्याने दुसरा मार्ग काढला. महिनाभर फुकट वापरून बघा, अशी सशुल्क खात्याची जाहिरात समोर दिसत होती. वरच्या शंभर खुणा मिळाल्या की झालं! मी विचारलं, त्या शंभरात काय लिहिणार? तो म्हणाला, "आवड आहे व जिद्दही आहे." शंभर खुणा वाचवायला हेच एक कारण पुरेसं होतं.

मग आम्ही शेजारच्या वहिनींना गाठलं. त्या एका कारखान्यासाठी भरतीचं काम बघतात, म्हणजे चिठ्ठ्या येतात त्या टोकाला बसतात. त्यांनी फोन उघडून दाखवला. आलेल्या विनंत्यांची रांग. प्रत्येकीत आधी फोटो, मग नाव, नावाखाली माणसाने स्वतःबद्दल लिहिलेली ओळ, आणि मग चिठ्ठी. शेजारी स्वीकारायचं बटण आणि दुर्लक्ष करायचं बटण.

"नाव वर दिसतंच," वहिनी म्हणाल्या, "तरी निम्मे लोक 'मी अमुक तमुक' म्हणून सुरुवात करतात. आणि 'मेहनती' सगळेच लिहितात हो. आळशी आहे असं कळवणारा अजून भेटायचाय."

"मग बघता काय तुम्ही?"

"कुठल्या जागेबद्दल बोलतोय, ते. माझ्याकडे एका वेळी वेल्डरपासून हिशेबनिसापर्यंत जागा चालू असतात. 'योग्य संधी असल्यास कळवावे' म्हणजे याची योग्य संधी मीच शोधायची. मग हा त्या जागेला जवळपास तरी बसतो का, ते. आणि शेवटी, याला माझ्याकडून नेमकं काय हवंय. 'नोकरी द्या' याला मी बटण दाबून काय उत्तर देऊ? बटण फक्त ओळखीचं आहे. 'बायोडेटा पाठवू का' म्हटलं, तर हो म्हणायला माझं काही जात नाही."

या चिठ्ठीचं सगळं मर्म वहिनींच्या या शेवटच्या वाक्यात आहे. चिठ्ठीने नोकरी मागायची नसते, उंबरा ओलांडायची परवानगी मागायची असते. विनंती स्वीकारली गेली की पुढच्या निरोपाला हजारो खुणांची ऐसपैस जागा आहे, फाइलही जोडता येते. शिक्षण, अनुभव, जिद्द, सगळं तिथे मांडा. चिठ्ठीत मावेल तेवढी एकच गोष्ट सांगायची: तुमची ती जागा आणि मी, यांचा काहीतरी संबंध आहे.

घरी येऊन आधी नावाखालची ओळ दुरुस्त केली. तिथे भाच्याने 'नवीन संधीच्या शोधात' असं लिहिलं होतं. संधीच्या शोधात तर चोरही असतो. त्या ओळीला 220 खुणांची वेगळी जागा आहे आणि ती चिठ्ठीच्या हिशेबात धरत नाहीत. तिथे लिहिलं: 'ठिबक सिंचन विक्री | बी.एस्सी. कृषी | तासगाव, सांगली'. शिक्षण तिकडे परस्पर मार्गी लागलं.

मग चिठ्ठी. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर ती अशी उतरली:

"नमस्कार. सांगलीच्या ठिबक विक्री पदाची आपली पोस्ट वाचली. मी दोन वर्षं तासगावात द्राक्षबागायतदारांना ठिबक विकतोय. दुचाकी, परवाना आहे. जागा अजून खुली असेल तर बायोडेटा पाठवू का?"

मोजल्या. 173 खुणा.

यातल्या प्रत्येक शब्दावर भांडण झालं. मला 'द्राक्षबागायतदारांना' खुपत होता. एकटा शब्द वीस खुणा खातो, म्हणजे चौकटीचा दहावा हिस्सा. मी म्हटलं, 'शेतकऱ्यांना' कर. इथे मात्र भाचा ठाम राहिला. "मामा, शेतकरी कुणीही लिहील. द्राक्षवाला ठिबकशिवाय बाग लावत नाही, आणि नळीला कुठे किती छिद्रं ते तो आपल्याला शिकवतो. त्याला माल विकला म्हणजे कुणालाही विकता येतो. बाईंना ते कळेल." मी गप्प बसलो. ज्या धंद्यात वाचणारा मुरलेला असतो, तिथे धंद्यातला जड शब्दच हलका असतो. वीस खुणा कारणी लागल्या.

'तुमची' की 'आपली' यावर वाद झाला नाही, कारण 'आपली'त एक खूण कमी लागते. मराठीत आदर स्वस्त पडल्याचं हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

27 खुणा उरल्या. भाच्याचे हात शिवशिवू लागले. 'आपला विश्वासू' सहज बसलं असतं. मी नको म्हटलं. प्रश्नचिन्हावर संपलेल्या चिठ्ठीला वाचणाऱ्याचं मन उत्तर देऊ लागतं; त्यापुढे विश्वासू उभा राहिला की उत्तर त्याला अडखळतं. रिकामी जागा भरलीच पाहिजे हा आग्रह वर्तमानपत्रालाच असतो, कारण तिथे कोरा कागद विकता येत नाही.

पाठवतानाचा एक धोका वहिनींनी आवर्जून सांगितला होता. फोनवर Connect हे बटण दाबलं, की कित्येकदा विनंती चिठ्ठीशिवाय तशीच निघून जाते. चिठ्ठीची वाट शेजारच्या तीन ठिपक्यांमागे दडलेली असते. संगणकावर मात्र बहुधा आधी Add a note असं विचारलं जातं. एकदा नुसती विनंती गेली, की मागाहून चिठ्ठी चिकटवता येत नाही. परत घेता येते, पण मग त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात जागा भरून नवा माणूस पहिल्या पगाराची वाट बघत असेल. म्हणून भाच्याने माझ्या संगणकावरून, श्वास रोखून, बाण मारल्यासारखी ती चिठ्ठी सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी विनंती स्वीकारली. खाली निरोप: "हो, पाठवा. नोटीस पीरियड किती?"

भाचा हिरमुसला. "साधा नमस्कारसुद्धा नाही!"

मी म्हटलं, त्यांना हजारो खुणांची मुभा आहे, तरी त्या पाच शब्दांत मोकळ्या झाल्या. त्यांना ऑक्टोबर छाटणीच्या आधी माणूस बागांमधून फिरायला हवा असणार. तू आहेस का आणि कधीपासून, एवढाच त्यांचा प्रश्न. बायोडेटा जोड आणि नोटीस पीरियड लिहून टाक.

भाचा बराच वेळ त्या निरोपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, दुकान काकांचं आहे."

"बरं मग?"

"काकांना अजून काहीच सांगितलेलं नाही. नोटीस पीरियड त्यांनाच विचारावा लागेल. पुढच्या वर्षी दुकान तुझ्याच नावावर करतो, असं ते चारचौघांत बोलून बसलेत."

आता इथे 173 खुणांत भागणार नव्हतं. इथे हवापाणी लागणार होतं, तब्येत लागणार होती, चहा दोनदा लागणार होता, आणि दारात चपलेत पाय घालण्याची वेळ अचूक साधावी लागणार होती.

"तुम्हीच बोला ना काकांशी," भाचा म्हणाला. "तुमचा शब्दांचा धंदा."

मी सांगितलं, "बाळा, मी जन्मभर मथळे केले. अग्रलेखाचं खातं माझ्याकडे कधीच नव्हतं."