पीडीएफ पाठवा, काट्याचं नंतर पाहू

डोलवीच्या आसपास ऑडिट जवळ आलं की ते कॅलेंडर न बघताही कळतं. शॉपच्या फरशीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवले जातात, आगीच्या सिलिंडरवरची धूळ पुसली जाते आणि क्वालिटी मॅनेजरच्या मेलमधले ‘डिअर सर’ अचानक ‘रिस्पेक्टेड सर’ होतात.

इथं मोठा कारखाना एकच. पूर्वीचा इस्पात, 2010 च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला. पण अशा कारखान्याभोवती पाइप जोडणारे, शाफ्ट घासणारे, पत्रा वाकवणारे छोटे शॉप उभे राहतात आणि त्यांच्याकडे काम टिकवायचं तर आयएसओ 9001 चं सर्टिफिकेट भिंतीवर असावं लागतं. पुढचा पत्रव्यवहार त्यातल्या कुठल्या एकाचा नाही. म्हणूनच तो वाचताना पेणपासून रोह्याच्या धाटाव एमआयडीसीपर्यंत प्रत्येकाला तो आपलाच वाटेल.

क्वालिटी मॅनेजरचा कॅलिब्रेशनवाल्याला मेल साधारण असा असतो : ‘आदरणीय सर, आमचा मागचा मेल, त्याच्या मागचा मेल आणि फोनवरचं बोलणं पाहावं. कॅलिब्रेशनची सर्टिफिकेटं अद्याप मिळालेली नाहीत. सोमवारी ऑडिट आहे. अतितातडीचं समजून आज संध्याकाळपर्यंत पीडीएफ पाठवावी.’ खाली डायरेक्टर, परचेस आणि स्टोअर यांना सीसी. म्हणजे उद्या काही झालं तर ‘मी कळवलं होतं’ याचे तीन साक्षीदार.

कोणती साधनं, त्यांचे नंबर काय, ती कोणत्या गेट पासवर बाहेर गेली, यातलं मेलमध्ये काहीच नसतं.

उत्तरं ठरलेली. पहिलं : ‘साहेब, काम झालंय, सर्टिफिकेट सहीला ठेवलंय.’ दुसरं : ‘सही करणारे साहेब रजेवर आहेत.’ याला थोडा आधार आहे, कारण मान्यताप्राप्त लॅबमध्ये ठरावीक अधिकाऱ्यालाच सही करता येते. तिसरं : ‘माणूस निघालाय, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय.’ मागवली होती पीडीएफ, पण मुंबई-गोवा रस्त्याचं नाव घेतलं की कोकणात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

खरं कारण अकाउंट्समध्ये सापडतं. कॅलिब्रेशनवाल्याचं मागचं बिल थकलेलं. तो म्हणतो, बिल निघाल्याशिवाय सर्टिफिकेट देणार नाही. अकाउंट्स म्हणतं, सर्टिफिकेट जोडल्याशिवाय बिल पास होणार नाही. दोघंही नियमाला धरून बोलतात आणि मधल्या मधे मॅनेजर रिमाइंडर पाठवत राहतो.

या सगळ्यांची झोप उडवणारी ‘ड्यू डेट’ येते कुठून? बहुतेकांना वाटतं, लॅबकडून. पण लॅबसाठीचं मानक, आयएसओ/आयईसी 17025, उलट सांगतं : पुढचं कॅलिब्रेशन कधी करावं हे ग्राहकाशी ठरलेलं असल्याशिवाय लॅबनं सर्टिफिकेटवर लिहूच नये. मुदत साधन वापरणाऱ्यानं स्वतः ठरवायची. रोज शॉपमध्ये आपटणारं गेज आणि कपाटात मखमलीत ठेवलेला मायक्रोमीटर यांना एकच ‘एक वर्ष’ लावलं असेल, तर ते आपल्याच मास्टर लिस्टमध्ये कुणीतरी कॉपी-पेस्ट केलेलं आहे.

अखेर रविवारी रात्री पीडीएफ येते आणि ऑफिसात आनंदीआनंद होतो. ती उघडून तारीख पाहिली जाते, मास्टर लिस्टमध्ये हिरवा रंग भरला जातो आणि फाइल बंद. पहिल्या पानाच्या पुढं कुणी जात नाही. गेल्यास काही मौजेच्या गोष्टी दिसतात. कॅलिब्रेशनची तारीख 12 आणि साधन गेटबाहेर गेलं 14 ला. तीन वेगवेगळ्या व्हर्नियरची रीडिंगं शेवटच्या अंकापर्यंत सारखी. कधी लोगो एनएबीएलचा असतो, पण ‘सीसी’नं सुरू होणारा यूएलआर नंबर कुठंच नसतो. कधी नंबरही असतो, पण त्या लॅबची मान्यता लांबी मोजण्याची आणि सर्टिफिकेट दाबाचं. लॅबला कशाची मान्यता आहे हे एनएबीएलच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट पाहता येतं. फुकट असल्यामुळेच बहुधा कुणी पाहत नाही.

आता एक प्रेशर गेज घेऊ. 0 ते 25 किलोचं, अचूकतेचा वर्ग 1, म्हणजे पूर्ण मापाच्या एक टक्का, पाव किलो इकडं-तिकडं चालेल. पाइपलाइन 10 किलो दाबासाठी बनवलेली. हायड्रो टेस्ट दीडपटीनं, म्हणजे 15 किलोला. पाइपात पाणी भरलं, पंप मारला, काटा 15 वर थांबला, फोटो काढला, रिपोर्टवर ‘ओके’. समजा हे गेज लॅबमध्ये गेलं आणि तिथं दिसलं की काटा 15 दाखवतो तेव्हा खरा दाब 14.4 आहे. चूक 0.6 ची, चालणारी 0.25. म्हणजे हे गेज बिघडल्यापासून जेवढे पाइप 15 ला पास झाले, ते खरं तर 14.4 लाच तपासले गेलेत.

पण सर्टिफिकेटवर हे दिसेलच असं नाही. कॅलिब्रेशनवाला भला माणूस. तो काटा आधी सरळ करतो, मग रीडिंग घेतो आणि फक्त तेच छापतो : 15 ला 15. ‘साहेब, अ‍ॅडजस्ट करून दिलंय,’ असं वर अभिमानानं सांगतो. जुळवण्याआधीचं रीडिंग गेलं, आणि त्याबरोबर पाइपांविषयीचा एकमेव पुरावाही गेला. आयएसओ 9001 च्या 7.1.5.2 या कलमात नेमकं हेच विचारलेलं आहे : साधन चुकीचं निघालं तर आधी केलेल्या मोजमापांचं काय, हे ठरवा. सगळे रिमाइंडर चाळून पाहिले तर त्यांत ‘चूक’ हा शब्द एकदाही येत नाही.

हे फक्त छोट्या शॉपमध्येच घडतं असं नाही. एप्रिल 1990 मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा मोठा आरसा अचूक पण चुकीच्या आकाराचा घासला गेला, कारण तो तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिलिमीटर सरकलेलं होतं. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी गडबड दाखवलीही होती. पण मुख्य उपकरण जास्त भारी म्हणून साध्यांचं कुणी ऐकलं नाही.

आपल्या गेजसाठी उपाय मात्र स्वस्त आहे. मेल ऑडिटच्या महिनाभर आधी जायला हवा. त्यात प्रत्येक साधनाचा ओळख क्रमांक, सिरियल नंबर आणि गेट पासचा नंबर हवा. ‘जुळवण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही रीडिंगं द्या, शक्यतो जुळवण्याआधी फोन करा’ हे वाक्य हवं. अनिश्चिततेचा आकडा हवा. आणि सीसीमधला डायरेक्टर काढून तिथं अकाउंट्सचा माणूस हवा.

सोमवारी ऑडिटर येतो, फाइल उलटतो आणि विचारतो, ‘हे सर्टिफिकेट तपासलं कुणी?’ चहा येतो. बिस्किटं येतात. मग पेन काढून मॅनेजर सगळ्या पीडीएफच्या प्रिंटांवर ‘तपासले’ असं लिहून सही करतो. शाई ओली असल्याचं ऑडिटरला दिसतं आणि एक मायनर एनसी लागते. आठवड्याभरात ती बंदही होते. मूळ कारण : कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष. सुधारणा : ट्रेनिंग दिलं, यापुढं रिमाइंडर आणखी आधी पाठवला जाईल. पाइपांबद्दलचा रकाना ‘लागू नाही’. आणि वार्षिक व्हेंडर मूल्यांकनात कॅलिब्रेशनवाल्याला ‘वेळेवर पूर्तता’ या सदरात 10 पैकी 9 गुण मिळतात, कारण सर्टिफिकेटं ऑडिटच्या आधी आली होती.