केटरर वगळून

भोपाळात बाग सेवनियाच्या एका अंगास एम्स, दुसऱ्या अंगास बरकतुल्ला विद्यापीठ आणि जवळच भेलची जुनी वसाहत असल्यामुळे, येथील गल्ल्यांतून खोली घेऊन राहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांची, परिचारिकांची व परीक्षार्थींची संख्या एवढी आहे की, ज्या घरी पोळी नीट फुगते त्या घरी आज ना उद्या डब्यांचा धंदा सुरू व्हावा, हे विधिलिखितच म्हणावयाचे. आमच्या शेजारच्या वहिनींच्या बाबतीत ते खरे ठरले. डबे चाळीस झाले, मग कोणाच्या तरी मुंजीचा स्वयंपाक अंगावर आला, आणि तो यथास्थित पार पडल्यावर वहिनींस कोणीतरी 'केटरर' म्हणून संबोधले. त्या संबोधनाचा आनंद एक रात्र टिकला. दुसऱ्या दिवशी, ज्या शहरावर शतकभर बेगमांनी फर्माने काढून राज्य केले त्या शहरातील ही गृहिणी, हाती एक छापील फर्मान घेऊन आमच्या ओसरीवर आली.

फर्मान म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची, 5 ऑगस्ट 2011 पासून अमलात आलेली अनुज्ञप्ती व नोंदणीविषयक अधिसूचना. आमची उमेद सरकारी दप्तरात खर्ची पडलेली असल्यामुळे, अशा मजकुराचा अर्थ आम्हांस लागतो असा गल्लीत समज आहे. तो आम्ही खोडून काढलेला नाही.

"भाऊजी, एवढंच सांगा, मी लहान की मोठी?" वहिनींनी विचारले, आणि सर्व अधिसूचनेचे मर्म त्या एका प्रश्नात आले. कारण कायद्याच्या दृष्टीने जगातील अन्नव्यावसायिक दोन जातींचे आहेत. जो लहान, त्याने वर्षाला शंभर रुपये भरून नुसती नोंदणी करावयाची. जो लहान नाही, त्याने परवाना, म्हणजे दप्तरी भाषेत अनुज्ञप्ती घ्यावयाची आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या अटींची पालखी आजन्म वाहावयाची. आता लहान कोण, हे ठरविणाऱ्या व्याख्येत फेरीवाला आहे, हातगाडीवाला आहे, आणि धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणारा इसमही आहे. परंतु या शेवटच्या इसमापाशी येताच मसुदा लिहिणाऱ्याची लेखणी दचकून थांबते व 'केटरर वगळून' एवढे दोनच शब्द टाकून पुढे जाते. भंडाऱ्यात हजार पानांस बुंदी वाढणारा भाविक लहान, आणि मुंजीला दीडशे पाने वाढून त्याचे पैसे घेणाऱ्या वहिनी मात्र व्याख्येच्या उंबऱ्याबाहेर!

वहिनींचा चेहरा पाहून आम्ही घाईघाईने पुढील पोटकलम वाचले. पुढच्या दाराने हाकललेल्या केटररास मागील दाराने आत घेण्याची तजवीज तेथे आहे. ज्याची वार्षिक उलाढाल बारा लाखांपेक्षा अधिक नाही 'आणि/किंवा' ज्याची उत्पादनक्षमता दिवसाला शंभर किलोंच्या आत आहे, असा अन्य कोणताही अन्नधंदा लहानच समजावा, असे ते पोटकलम सांगते. केंद्राच्या संकेतस्थळावर बारा लाखांच्या आतील केटररचा अर्ज नोंदणीतच घेतला जातो, तो याच आधारावर.

तेव्हा आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. चाळीस डबे, डब्यास ऐंशी रुपये, म्हणजे दिवसाचे 3,200. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 83,200, आणि वर्षाचे 9,98,400. येथवर वहिनी निःसंशय लहान. आता मुंजी. दीडशे पाने, पानास अडीचशे, म्हणजे एका मुंजीचे 37,500. पाच मुंजी घेतल्या तर एकूण 11,85,900. बटू सुखरूप, वहिनीही सुखरूप. सहावी मुंज घेतली की आकडा 12,23,400 होतो, आणि सहाव्या बटूच्या कानात गायत्री मंत्र पडत असता इकडे त्याच्या आचारीणबाई एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात. त्याचा द्विजत्वलाभ व यांचा जातिबदल एकाच मुहूर्तावर.

ही झाली उलाढाल. क्षमतेचा हिशेब त्याहून रम्य आहे. चाळीस डब्यांचे अन्न पंचवीस किलोंच्या आत बसते. पण मुंजीचे एक पान सातशे ग्रॅमचे धरले, तर दीडशे पानांचे एकशे पाच किलो होतात. म्हणजे मधला शब्द 'आणि' वाचावा तर पहिल्याच मुंजीस वहिनी मोठ्या. 'किंवा' वाचावा तर पाचव्या मुंजीपर्यंत लहान. एका तिरप्या रेघेने दोन्ही अर्थ शाबूत ठेवण्याचे हे कौशल्य, आयुष्यभर मसुदे तयार करूनही आम्हांस साधले नाही.

"आणि मोठी झालेच, तर काय करायचं?" वहिनींनी विचारले. परवाना वर्षाला दोन हजारांचा. तो त्यांना जड नव्हता. जड आहेत त्या अटी. चौथ्या अटीप्रमाणे उत्पादनावर देखरेख करण्यास निदान एक तांत्रिक व्यक्ती नेमली पाहिजे, आणि ती रसायनशास्त्र, जीवरसायन, आहारशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवीधर, निदान अन्नतंत्राची पदविकाधारक तरी असली पाहिजे. वहिनी स्वतः संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या, आणि थोरल्या मुलीने तर बारावीनंतर रसायनशास्त्राशी फारकत घेतलेली. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोलादी नळ्यांचा कारखाना होता, हे उघड आहे. कारण त्याच यादीत, आवश्यक तेथे यंत्रे जागच्या जागी धुण्याची व्यवस्था असावी, असेही एक कलम आहे. वहिनींच्या घरी यंत्र म्हणावे असे मिक्सर तेवढे आहे. सहा महिन्यांतून एकदा पदार्थ मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, वर्षाचा अहवाल 31 मेपर्यंत पाठवावा, कच्चा माल, तयार माल व विक्री यांच्या रोजच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात, हीही पुढची कलमे. या शेवटच्या कलमाची चेष्टा मात्र आम्ही करणार नाही. कोणत्या दिवशीचे पनीर कोठून आले हे ज्या घरात लिहिलेले नसते, तेथे काही बिघडले तर दोष अखेर पाहुण्यांच्या पोटावर ढकलला जातो.

परवान्यात लिहिले नाही ते बनवू नये, हे कलम ऐकून वहिनी घाबरल्या. त्यांना वाटले, पिठले, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, एकेकाची परवानगी काढावी लागणार. तसे नाही. शिजवून वाढण्याचे सारे अन्न 'तयार अन्न' या एकाच, म्हणजे सोळाव्या वर्गात मोडते. भानगड होते ती दिवाळीत. पानात वाढलेली चकली सोळाव्या वर्गात. तीच चकली पिशवीत घालून, तोंड बंद करून विकली की ती फरसाणाच्या वर्गात जाते, आणि मग घटकांची यादी, तारीख, शाकाहाराची हिरवी खूण, हे सर्व तिच्या अंगावर चढवावे लागते.

नोंदणी असो वा परवाना, स्वयंपाकघराचे नियम चौथ्या परिशिष्टात आहेत, आणि तेथे अधिसूचनेचा आवाज एकाएकी बदलून एखाद्या सोवळ्या आजीबाईंचा होतो. नखे कापावीत, अन्न हाताळताना अंग खाजवू नये, अन्नात पडतील असे सैल दागिने घालू नयेत, तांब्यापितळेच्या भांड्यांस नीट कल्हई असावी. माश्यांविषयी तर असे फर्माविले आहे की, धंदा चालू असता फवारा मारू नये, फळीने त्या माराव्यात. वहिनी बांगड्या चाचपीत म्हणाल्या, "हे तर सासूबाई फुकट सांगायच्या." खरे आहे. परंतु सासूबाईंची बहात्तर पानांची पितळी पातेली मुंजीसाठी माळ्यावरून निघाली तेव्हा त्यांची कल्हई ठिकठिकाणी उडालेली होती, आणि चिंच-गुळाची आमटी अशा उघड्या पितळेवर तासभर उकळली की तांबे आमटीत उतरते, हे आम्ही पातेल्यात बोट घालून दाखविले. बोहारणीची वाट न पाहता कल्हईवाल्यास बोलावणे गेले.

आता आमच्या मते सर्व अधिसूचनेत ज्यावर खरोखर प्राण अवलंबून आहेत असे एकच कलम आहे, आणि ते वाचताना सर्वांत कमी हसू येते. केटरिंगविषयीच्या भागात सांगितले आहे की, गरम वाढावयाचे अन्न साठ अंशांच्या वर ठेवावे व गार वाढावयाचे पाच अंशांच्या खाली. मुंजीचा मसालेभात वहिनींनी पहाटे सहाला उतरविला होता. पंगत बसली साडेबाराला. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, आणि ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात सावकाश कोमट होऊ लागला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांतील काही जाती असे विष सोडतात की भात पुन्हा वाफवला तरी ते नाश पावत नाही. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. वासाला व चवीला भात निर्दोष असतो. मोठ्या पातेल्याची कड हाताला गार लागते आणि पोट मात्र चाळीस अंशांवर तासन्‌तास राहते. म्हणून हात लावून काही कळत नाही, दांडीचा तापमापक भाताच्या मधोमध खुपसूनच पाहावे लागते. उपाय म्हणजे भात पंगतीच्या तोंडावर दोन खेपांत करणे. किंवा आधी केलाच, तर उथळ परातींत पातळ पसरून झटपट गार करणे व शीतकपाटात ठेवणे. पातेल्यावर चादर पांघरून 'ऊब राहील' असे म्हणणे, हे बीजाणूंचे बारसे करण्यासारखे आहे. त्या दिवशी कोणास काही झाले नाही. वहिनी याचे श्रेय हिंगाला देतात.

अर्ज भरला. नियम असा की सात दिवसांत नोंदणी द्यावी, नाकारावी किंवा तपासणी काढावी. सात दिवसांत यांतील काहीच झाले नाही, किंवा तीस दिवसांत निर्णय कळविला नाही, तर अर्जदाराने धंदा खुशाल सुरू करावा, सुधारणा मागाहून सुचविल्या तर त्या पाळाव्यात. सरकारी मौनास संमती मानणारी तरतूद आम्ही आमच्या नोकरीत पाहिली नव्हती. मात्र वहिनींचे दाखलापत्र पाचव्याच दिवशी आले आणि हा प्रयोग राहून गेला. चौदा आकडी क्रमांक 'दोन'ने सुरू होतो, म्हणजे नोंदणी. 'एक' असता तर परवाना. तो क्रमांक पावतीवर छापावा लागतो, हेही आम्ही सांगून ठेवले.

मार्गशीर्षात सहाव्या मुंजीचे आमंत्रण आले. वहिनींनी पेन्सिलीचा कागद काढून पाहिला, आणि ती मुंज साकेत नगरातील धाकट्या जाऊबाईंकडे वळती केली. जाऊबाईंचे घर वेगळे, चूल वेगळी, ओटा वेगळा आणि बोलणेही दोन वर्षांपासून वेगळे असल्यामुळे, कोणत्याही तपासनिसास त्यांत आक्षेपार्ह काही सापडणार नाही. जाऊबाईंचा अर्ज शंभर रुपयांसह गेला आहे. बाग सेवनियात एक मोठी केटरर निर्माण होण्याऐवजी दोन लहान झाल्या असून, तिसरी, म्हणजे जाऊबाईंची बहीण, तापमापक कोठे मिळतो याची चौकशी करीत आहे.