दुसरा मामा

आमचा मामा फेसबुकवर माझा फार जुना मित्र आहे. मी काहीही टाकले की पहिला अंगठा त्याचा. शेजारच्या आजोबांच्या निधनाची बातमी टाकली तेव्हाही तो उमटला होता. असा हा मामा परवा पुन्हा फ्रेंड रिक्वेस्ट घेऊन दारात उभा राहिला. तोच समुद्रकाठचा काळा चष्मा, तेच पोट, आणि खाली चौदा म्युच्युअल फ्रेंड्स.

मंडळी या चौदांवरच फसतात. चौदा जण ओळखतात म्हणजे माणूस खात्रीचा! पण हे चौदा जण साक्षीदार नसतात, आधी कापलेले बकरे असतात. तोतया मूळ माणसाची सर्वांना उघडी असलेली मित्रयादी काढतो आणि ओळीने रिक्वेस्टी सोडतो. दोन-चार मावश्यांनी ‘अगं बाई, दादा!’ म्हणत होकार दिला की पाचवीला चार ओळखीची नावे दिसतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, त्याला निदान भाऊंसारखे दिसावे तरी लागले होते, आणि 1776 साली तो जिवानिशी गेला. आजच्याला चेहराही लागत नाही. फोटो उतरवून घेतला की झाला मामा.

मी आधी स्वतःच्या मित्रयादीत मामाचे नाव शोधले. मूळ मामा तिथे बसलेलाच होता. तो नसता, तर त्याने जुने खाते बंद करून नवे काढले असण्याची शक्यता होती. मग दोन्ही मामांची पाने उघडली आणि तीन टिंबांमागची लिंक पाहिली. जुन्याच्या पत्त्यात त्याचे नाव होते. नव्याचा पत्ता profile.php?id= आणि पुढे लांबलचक आकडा. आकडा असला म्हणून कोणी चोर ठरत नाही, कितीतरी सज्जनांच्या पत्त्यात तो असतो. पत्ते वेगळे म्हणजे खाती दोन, एवढेच सिद्ध झाले. नव्या पानावर फोटो आणि कव्हर एकाच संध्याकाळी चढवलेले, त्याआधी सामसूम. रोज पहाटे गुलाबाच्या फुलासह सुप्रभात घालणारा मामा इतका गप्प?

तरीही मी निकाल दिला नाही. कारण आमच्या एका मावशीची तीन खाती आहेत आणि तिन्ही अस्सल. प्रत्येक पासवर्ड विसरला की तिचा पुनर्जन्म होतो.

एवढ्यात मेसेंजरवर नव्या मामाचा निरोप आला : ‘हाय, कसे आहात? तुमचा नंबर पाठवा.’ आमचा मामा मला जन्मापासून ‘काय रे गाढवा’ म्हणतो. ‘आहात’ वाचून मला गहिवरून आले. या निरोपाच्या पोटात पुढे काय असते तेही ठाऊक होते : सीआरपीएफमधल्या मित्राची बदली झालीय, सोफा, फ्रिज, एसी सगळे स्वस्तात जातेय, पैसे आधी पाठवा. ‘मामा, तूच ना?’ असे तिथेच विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ‘हो’ म्हणायला तोतयाचे काय जाते? आणि परीक्षा म्हणून होकार देणे म्हणजे फक्त मित्रांसाठी ठेवलेले माझे फोटो त्याच्या हवाली करून स्वतः पंधरावा बकरा होणे.

म्हणून फोन केला, तोही माझ्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

“काय रे गाढवा?” पलीकडून आवाज आला. ओळख पटली.

मामाने स्वतःचे नाव शोधून पाहिले आणि जाहीर केले, “दुसरा कोणी नाही. तुझे डोळे तपासून घे.” त्याला दिसणार नव्हतेच, हे लोक मूळ माणसाला बहुधा आधीच ब्लॉक करतात. त्यामुळे तक्रार मलाच करावी लागली. तोतयाच्या पानावरची तीन टिंबे, रिपोर्ट, दुसऱ्याचे सोंग घेतल्याचा पर्याय, कोणाचे तर ‘मित्राचे’, आणि तिथे खऱ्या मामाचे खाते दाखवून द्यायचे. चौदांपैकी ओळखीच्यांनाही तेच करायला लावले.

तोवर मामा घाईघाईने पासवर्ड बदलत होता. बदलायला हरकत नाही, पण घरात कोणी शिरलेच नव्हते. बाहेरून दर्शनी भागाची नक्कल केली होती. उपयोगाचे काम म्हणजे मित्रयादी ‘ओन्ली मी’ करणे. त्यावर मामा उखडला. “मित्र लपवायचे? मी काय चोरी केलीय?” मामीने फोन हिसकावून ते केले.

रात्री मामाने जाहीर निवेदन टाकले : ‘माझ्या नावाने कोणी पैसे मागितल्यास मुळीच देऊ नयेत.’ खाली त्याच्या शाळूसोबत्याची पहिली कॉमेंट होती : ‘दिवाळीत दोन हजार नेलेस ते तू की तो?’