‘टालना’चं ‘टाळणे’ करणाऱ्या गाईडकाराला खुलं पत्र

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. त्यातला नमस्कार तेवढा घ्या. प्रेम वाटावं असं तुम्ही काही केलेलं नाही.

इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्जचं तुमचं गाईड माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या दप्तरात आहे. त्यात तीन रकाने आहेत. डावीकडे इंग्रजी, मधे हिंदी, उजवीकडे मराठी. मधला रकाना हिंदी येणाऱ्या माणसाने लिहिलाय, त्याच्याशी माझं फारसं भांडण नाही. उजवा रकाना मात्र कुणी लिहिलेलाच नाही. हिंदी क्रियापदाच्या शेवटचा ‘ना’ खोडायचा, तिथे ‘णे’ चिकटवायचा, जमेल तिथे ‘ल’चा ‘ळ’ करायचा आणि वर ‘मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी खास’ असं छापायचं, एवढीच तुमची मेहनत आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांना पुस्तकं घेऊन देतात. त्यांच्याकडून पैसे घेताना तुम्हाला थोडी तरी लाज वाटायला हवी होती.

‘पुट ऑफ’चंच घ्या. हिंदी रकान्यात तुम्ही ‘टालना’ दिलंय. बरोबर आहे. ‘परीक्षा टल गई’ म्हटलं की हिंदी मुलाला कळतं, आज नाही, पुढे कधीतरी होणार. आता मराठी रकाना: ‘टाळणे’. दोन्ही शब्द एकाच घरातले, पण घर सोडून वेगवेगळ्या गावी नांदायला गेलेले. हिंदीतल्या ‘टालना’त पुढे ढकलणंही आहे आणि चुकवणंही आहे. मराठीने त्यातलं चुकवणं तेवढं ठेवून घेतलं. मराठीत अपघात टळतो, संकट टळतं, नको असलेला माणूस आपण टाळतो. ‘परीक्षा टळली’ असं मराठी मुलगा ऐकेल तर तो पुस्तकं बांधून ठेवेल, कारण त्याच्या लेखी परीक्षा होणारच नाही. त्याला सांगायला हवं होतं ‘पुढे ढकलणे’ किंवा ‘लांबणीवर टाकणे’.

हा फरक बारीक नाही. पाऊस आला म्हणून सामना पुढे ढकलला तर इंग्रजीत ‘पुट ऑफ’, आणि कायमचा रद्द केला तर ‘कॉल ऑफ’. उताऱ्यावरच्या प्रश्नांत नेमकं हेच विचारतात: सामना नंतर होणार आहे का? तुमचा ‘टाळणे’ पाठ केलेला मुलगा बिनधास्त ‘नाही’ लिहितो आणि गुण घालवतो. हे झालं वाचताना. लिहिताना त्याचं उलट टोक निघतं. लवकर निघून गर्दी टाळली, हे सांगायला एका मुलीने लिहिलं: ‘आय पुट ऑफ द ट्रॅफिक बाय लीव्हिंग अर्ली.’ गर्दी पुढे ढकलता येत नाही. तिला ‘अव्हॉइड’ हा शब्द येत होता, हे मी तिला विचारून पाहिलंय. तरी तिने तो लिहिला नाही, कारण फ्रेजल व्हर्ब वापरलं की भाषा चांगली दिसते असं तुम्ही प्रस्तावनेत ठासून लिहिलंय. येत असलेला योग्य शब्द तिच्या हातून तुम्ही काढून घेतलात.

तुम्ही म्हणाल, मराठीत ‘टाळाटाळ’ आहेच की. आहे, आणि ती इथे चालते. ‘तो दातांच्या डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करतोय’ हे ‘पुट ऑफ’चं चोख मराठी आहे, ‘चालढकल’ तर त्याहून चोख. पण टाळाटाळीत आज जातो, उद्या जातो असं म्हणणं असतं. जायचं तर आहे. ‘त्याने डॉक्टरकडे जाणं टाळलं’ म्हटलं की तो गेलाच नाही. मराठी बोलणाऱ्या कुठल्याही आजीला हे न सांगता कळतं. रकाना भरण्याआधी तुम्ही एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं असतंत तर तुम्हालाही कळलं असतं.

हीच तऱ्हा ‘ब्रिंग अप’ची. हिंदीत ‘पालना’, कारण हिंदीत आई मुलांना पालती आणि शेतकरी म्हशीही पालतो. तुम्ही मराठीत ‘पाळणे’ छापलंत. मराठीत कुत्रा पाळतात, नियम पाळतात. मुलाला वाढवतात, लहानाचं मोठं करतात. परिणाम असा की ‘माझे काका म्हशी पाळतात’ याचं इंग्रजी माझ्यासमोर ‘माय अंकल ब्रिंग्ज अप बफेलोज’ असं येतं. म्हशींसाठी साधं ‘कीप्स’ पुरतं. आणि ‘पुट आउट’समोर, म्हणजे आग विझवण्यासमोर, तुम्ही हिंदी ‘बुझाना’वरून ‘बुजवणे’ लिहिलंय. बुजवतात तो खड्डा. आग विझवतात.

आता ‘गिव्ह अप’कडे येतो, कारण तिथे हिंदीलाही तुम्ही सोडलेलं नाही. ‘छोड़ देना’ आणि ‘सोडून देणे’, प्रत्येक रकान्यात एकेक अर्थ, पुढे एक ओळ उदाहरण नाही. मराठीत आपण काय काय सोडतो ते आठवा. नोकरी सोडतो, सिगारेट सोडतो, पाणी सोडतो, पकडलेला पक्षी सोडतो, माणसाला स्टेशनवर सोडतो. हिंदीतही ‘मुझे स्टेशन छोड़ दो’ म्हणतातच. इंग्रजीत या प्रत्येक कामाला निराळा शब्द आहे, आणि ‘गिव्ह अप’ त्यातल्या थोड्याच ठिकाणी बसतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीतलं वाक्य इथे देतो. त्याला म्हणायचं होतं, बाबांनी मला स्टेशनवर सोडलं. त्याने लिहिलं: ‘माय फादर गेव्ह अप मी अॅट द स्टेशन.’

या एका वाक्यात तुमच्या गाईडाचे दोन्ही दोष आहेत. पहिला अर्थाचा. इंग्रजीत माणसाला ‘गिव्ह अप’ करणं म्हणजे त्याच्यावरचा हक्क सोडणं, त्याला दुसऱ्याच्या ताब्यात देणं. मूल दत्तक देणाऱ्या आईबद्दल ते म्हणतात, स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होणाऱ्या आरोपीबद्दल म्हणतात, डॉक्टरांनी हात टेकलेल्या रोग्याबद्दलही म्हणत आलेत. सकाळी सायकलवरून मुलाला गाडीपर्यंत पोचवणाऱ्या बापाला तुम्ही तिथे नेऊन बसवलंत. त्या बापासाठी ‘ड्रॉप्ड मी’ हवं होतं.

दुसरा दोष शब्दांच्या जागेचा. तो दिसायला किरकोळ, पण परीक्षकाच्या नजरेत सगळ्यात आधी भरतो. ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ यांसारख्या जोड्यांत ‘इट’, ‘हिम’, ‘मी’, ‘देम’ अशी सर्वनामं आली की ती मधेच बसतात: ‘गिव्ह इट अप’, ‘पुट देम ऑफ’. पूर्ण नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘पुट ऑफ द मीटिंग’ म्हणा नाहीतर ‘पुट द मीटिंग ऑफ’ म्हणा. ‘लुक आफ्टर’सारख्या जोड्या मात्र फुटत नाहीत. तिथे ‘लुक आफ्टर हिम’च, ‘लुक हिम आफ्टर’ कधीच नाही. कानाने ऐकलं तरी फरक कळतो. फुटणाऱ्या जोडीत शेवटच्या ‘ऑफ’वर, ‘अप’वर आवाजाचा जोर येतो, ‘आफ्टर’वर सहसा तसा येत नाही. मराठी मुलाला हे शिकवायला वेळही लागत नाही. ‘ते सोडून दे’ म्हणताना तो ‘ते’ आधीच आणतो, म्हणून ‘गिव्ह इट अप’ त्याला जवळचं वाटतं. पण तुम्ही जोडी एका ठोकळ्यासारखी छापलीत, सर्वनामाचं एकही वाक्य दिलं नाहीत, आणि मुलं ‘पुट ऑफ इट’ घोकत बसली.

आणखी एक खड्डा तुमच्या ‘णे’ने खणलाय. ‘ओढणे’ म्हणजे ‘टू स्मोक’ असं तुम्हीच पहिल्या पानांवर शिकवता. मग ‘त्याने सिगारेट ओढणे सोडले’चं मूल ‘ही गेव्ह अप टू स्मोक’ करतं. ‘गिव्ह अप’ आणि ‘पुट ऑफ’ या दोघांनाही पुढे ‘आयएनजी’चं रूप लागतं: ‘गेव्ह अप स्मोकिंग’, ‘पुट ऑफ गोइंग’. ‘टू’ लावला की वाक्याचा अर्थच फिरतो. त्याने सिगारेट ओढता यावी म्हणून दुसरं काहीतरी सोडलं, असं ते वाचलं जातं.

बाजारात तुमच्यासारखे आणखी आहेत, मला ठाऊक आहे. पत्र तुम्हाला लिहितोय कारण पुढच्या आवृत्तीची जाहिरात तुम्ही आधीच करून ठेवली आहे, म्हणजे सुधारायला वाव आहे. जास्त शब्द छापू नका, निम्मे छापा. पण एकेक नोंद नीट करा. ‘पुट ऑफ’ची नोंद कशी हवी ते सांगतो. पुढे काय येतं त्यावरून अर्थ वाटून द्या. कार्यक्रम, परीक्षा, भेट आली तर मराठी ‘पुढे ढकलणे’, हिंदी ‘टालना’. एखादं काम करायचं असेल तर मराठी ‘चालढकल करणे’, हिंदी ‘टालते रहना’. पैसे मागायला आलेला माणूस असेल तर मराठी ‘टोलवणे’, हिंदी ‘टरकाना’. आणि वासाने, वागण्याने, किमतीने माणसाचं मन उडालं तर मराठी ‘मन उडणे’, हिंदी ‘मन उचट जाना’. हा शेवटचा अर्थ तुमच्याकडे नाहीच. म्हणून ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ या वाक्याचं भाषांतर मुलं ‘वासाने मला जेवणापासून टाळले’ असं करतात. त्या वासाने जेवणावरची वासनाच उडाली, एवढं साधं मराठी त्यांच्या घरात रोज बोललं जातं. तुमच्या रकान्यामुळे ते त्यांना आठवत नाही.

प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य पूर्ण नाम घेऊन द्या, एक सर्वनाम घेऊन द्या, आणि जिथे क्रियापद पुढे येतं तिथे ‘आयएनजी’चं एक द्या. आणि मराठी रकाना मराठी माणसाकडून लिहून घ्या, हिंदी रकाना झाकून, समोर फक्त इंग्रजी वाक्य ठेवून. त्याचे पैसे त्याला द्या.

ज्यांनी जुनी आवृत्ती विकत घेतलीय त्यांच्यासाठी ‘टाळणे’, ‘पाळणे’ आणि ‘बुजवणे’ या तीन नोंदींची दुरुस्ती एका कागदावर छापून दुकानदारांकडे फुकट ठेवा. परीक्षेच्या आधी ठेवा. हे काम पुढे ढकलू नका.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक